ऑगस्टचा दुधाचा हिशोब

रामबाग, इंदूर
2 सप्टेंबर 2025

दूधवाले भाऊ,

तुमच्या वहीत 31 दिवस रोज दीड लिटर आणि 27ला गणपतीचं जादा 2 लिटर, असे 64च्या भावाने 3104 रुपये मांडलेत. जादा दूध बरोबर आहे. पण 9 आणि 10ला आम्ही राखीसाठी देवासला होतो. 8ला सकाळी जिन्यातच तुम्हाला सांगितलं होतं, तरी वहीत दोन्ही दिवस लागलेत.

18चं तुम्ही म्हणता, भांडं कठड्यावर होतं, त्यात ओतून गेलो. भाऊ, भांडं मीच उचललं, झाकण तसंच आणि आत कोरडं ठणठणीत. नातवासाठी खाली जाऊन पिशवी आणावी लागली. त्या दिवशी तुमचा मुलगा आला होता, त्याला एकदा विचारा.

23ला मात्र चूक माझीच. कॅलेंडरवर फुली मारली, पण दूध सासूबाईंनी घेतलं होतं. तो दिवस धरलाय.

तीन दिवसांचे 288 वजा करून 2816 पाकिटात ठेवलेत, मोजून घ्या. मुलाचं म्हणणं वेगळं निघालं तर 18चे 96 लगेच देईन. उद्यापासून तुमच्या वहीत माझी रोज सही घ्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी