निहाली भाषेचे दस्तऐवजीकरण: अनुदान-प्रस्तावाचा सारांश

प्रकल्पाचा कालावधी: 1 नोव्हेंबर 2026 ते 31 ऑक्टोबर 2028 (24 महिने)
क्षेत्र: जळगाव जामोद तालुका, जिल्हा बुलढाणा, मुख्यतः सोनबर्डी, जामोद, कुवरदेव आणि चालठाणा
भाषा: निहाली (आयएसओ संकेत `nll`)
मागितलेली रक्कम: ₹17,60,000

भाषा आणि तिची आजची गत

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, तापीच्या अलीकडे निहाल लोकांची वस्ती आहे. त्यांची भाषा भारतातल्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही. शेजारची कोरकू मुंडा कुळातली, मराठी आणि हिंदी इंडो-आर्यन. निहालीने या सगळ्यांकडून भरपूर शब्द घेतले आहेत. द्राविडी वळणाचे शब्दही तिच्यात आहेत: दोन, तीन, चार यांना निहालीत इरार, मोथ, नालो म्हणतात. पण हे सगळे बाजूला काढल्यावर मागे जो गाभा उरतो, त्याचे नाते अजून कुणाला नीट लावता आलेले नाही. पाण्याला जोप्पो, डोळ्याला जिकी.

बोलणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास धरली जाते. जनगणनेत दहा हजारांखालच्या मातृभाषा वेगळ्या छापल्या जात नाहीत, त्यामुळे सरकारी कागदावर निहाली जवळजवळ दिसतच नाही. निहाल माणसाला निहालीबरोबर कोरकू, मराठी आणि हिंदी येते, आणि घराबाहेर पाऊल टाकले की यांतली एखादी पुढे होते. आम्ही पाहिलेल्या घरांत आजी-आजोबा आपसात निहाली बोलतात, मुलांशी मराठी. मुलांना भाषा कळते, पण उत्तर मराठीत येते.

आधी झालेले काम

1906 साली ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात या भाषेची नोंद झाली, तीही कोरकूच्या आधाराने. 1957 मध्ये भट्टाचार्य यांची क्षेत्र-टिपणे आली. 1962 मध्ये डच अभ्यासक कायपर यांनी तिच्या शब्दसंग्रहाची तुलनात्मक छाननी केली आणि ती स्वतंत्र भाषा म्हणून चर्चेत आली. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने 2014 साली के. एस. नागराज यांचे निहालीचे व्याकरण आणि शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शैलेंद्र मोहन यांनीही या भाषेवर काम केले आहे. म्हणजे आमची पाटी कोरी नाही, आणि तसे भासवण्याची इच्छाही नाही. व्याकरणाचा सांगाडा हाताशी आहे. आम्हाला हवे आहे ते माणसांचे आपसातले बोलणे: भांडण, थट्टा, बाजारातला हिशेब, मोहफुले वेचताना मारलेल्या हाका.

सामग्री कशी मिळवणार

फेब्रुवारी 2025 मध्ये प्राथमिक भेटीला गेलो, तेव्हा एका आजींना मराठीतून दोनशे शब्द विचारले. जवळपास निम्म्या प्रश्नांना मराठीचाच थोडा वाकवलेला शब्द उत्तर म्हणून आला. पाणी विचारले, त्या "पाणी" म्हणाल्या. दहा मिनिटांनी त्यांनी नातीला आतून पाणी आणायला सांगितले, त्यात जोप्पो होते. चूक आजींची नव्हती. पाहुण्याने ज्या भाषेत विचारले, त्या भाषेच्या जवळचे उत्तर देणे ही रीतच आहे. कोरकू दुभाष्यामार्फत विचारले असते, तर कोरकू शब्द आले असते.

म्हणून शब्दयादी आम्ही सर्वांत शेवटी ठेवली आहे. पहिले आठ महिने मध्यस्थ भाषा शक्य तितकी टाळायची. गावातच काढलेली छायाचित्रे आणि दोन-तीन मिनिटांच्या बिनआवाजी चित्रफिती (टोपली विणणे, बैल पाण्यावर नेणे, दोन पोरांचे भांडण) एका निहाल माणसाला दाखवायच्या, आणि त्याने ती न पाहिलेल्या दुसऱ्या निहाल माणसाला ती गोष्ट सांगायची. संशोधक खोलीत असलाच तर कोपऱ्यात. दुसऱ्या टप्प्यात या संभाषणांतून मिळालेली वाक्येच पुढे करून विचारायचे: हे असे म्हटले तर चालेल का, कोण असे म्हणेल, आजोबा काय म्हणायचे. क्रियापदांची रूपे, सर्वनामे आणि नकार यांसाठी ठरावीक प्रश्नावल्या लागतीलच. त्या निहाली सहायक निहालीतूनच विचारतील.

उसन्या शब्दांबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो. "शुद्ध" निहाली शोधण्यात आम्हाला रस नाही. कोरकूतून आलेला शब्द निहाल माणूस रोज वापरत असेल, तर तो निहालीच आहे आणि तसाच नोंदवला जाईल, मूळ कुठले ते वेगळ्या रकान्यात.

सोनबर्डी-जामोदकडचे बोलणे आणि कुवरदेव-चालठाण्याकडचे बोलणे यांत फरक आहे. दोन्हीकडून सारख्याच प्रमाणात सामग्री घेऊ.

ध्वनिमुद्रण

एकूण 60 तासांचे ध्वनिमुद्रण होईल, त्यातले 40 तास चित्रीकरणासह. आवाज 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, `.wav` स्वरूपात. एमपी3 कुठेही नाही. दोघे बोलत असतील तर दोघांच्या कपड्याला वेगळा माईक आणि वेगळी वाहिनी, म्हणजे एकमेकांवर चढलेले बोलणे नंतर सोडवता येते. घरे पत्र्याची आहेत, आणि पाऊस लागला की पत्र्यावर दुसरे काही ऐकू येत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुद्रण ठेवलेले नाही. ते महिने लिप्यंतरणाचे. ऑक्टोबर ते जानेवारी बरीच माणसे कापूस वेचायला आणि इतर मजुरीला बाहेर असतात, त्या काळात संध्याकाळीच बसू. सर्वांत भरगच्च हंगाम मार्च-एप्रिल, मोहाचा. तेव्हा आम्हीच पहाटे रानात जाऊ. वीज जाते, त्यामुळे सौर पॅनेल आणि जादा बॅटऱ्या उपकरणांत धरल्या आहेत.

प्रत्येक फाईलला दिनांक, गाव आणि क्रमांक असे नाव असेल, उदाहरणार्थ `nll_20270318_sonbardi_02.wav`. बोलणाऱ्याचे नाव फाईलच्या नावात येणार नाही. कोण, कुठे, कोणासमोर, कशाबद्दल बोलले, ही माहिती त्याच संध्याकाळी भरायची. दुसऱ्या दिवसावर टाकलेली माहिती पुन्हा भरली जात नाही, हा आमचा पूर्वानुभव.

लिप्यंतरण आणि टिपण

इथे वेळ जातो, आणि बहुतेक प्रस्तावांत हीच बाजू कमी धरलेली असते. एक मिनिट बोलणे लिहून त्याचा अनुवाद करायला साधारण 40 मिनिटे धरली आहेत. त्यावर रूपनिहाय अर्थ लावायचा तर आणखी 60. म्हणून 60 तासांपैकी 25 तासांचे लिप्यंतरण आणि मराठी अनुवाद, तर त्यातल्या 8 तासांचे पूर्ण व्याकरणिक टिपण, एवढेच वचन आम्ही देतो. हिशेब 1,480 तासांचा होतो. दोन सहायकांनी रोज तीन तास बसायचे म्हटले तर प्रत्येकी सुमारे 247 दिवस. उरलेल्या 35 तासांना विषयसूची आणि दोन ओळींचा सारांश जोडला जाईल, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला काय कुठे आहे ते सापडेल.

काम एलान या मोफत प्रणालीत होईल (`.eaf` फाईल). एकाखाली एक थर असे: ध्वनिलिपी, देवनागरी, रूपांची फोड, प्रत्येक रूपाचा अर्थ, मराठी अनुवाद, इंग्रजी अनुवाद. देवनागरीत एक अडचण आहे. निहालीत स्वर ऱ्हस्व की दीर्घ यावरून अर्थ बदलतो, आणि आपल्या लिपीत ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ भेदच नाही. नवे अक्षर शोधण्यापेक्षा गावातल्या मोबाईलवर सहज टाईप होणारी खूण वापरावी, असे आमचे मत आहे. कोणती, हे पहिल्या शिबिरात निहाल तरुणच ठरवतील. वापरायचे त्यांना आहे.

जतन आणि कुणाला काय ऐकू द्यायचे

प्राथमिक भेटीत आजींना विचारले होते, ही भाषा पोरांना का शिकवायची. त्या म्हणाल्या, "बाहेरच्याले समजलं नाही पाहिजे, म्हनून तं बोलतो आमी." निहाली ही आडोशाची भाषा असल्याचे निरीक्षण कायपर यांनीही मांडले होते. निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकू शेतकऱ्यांकडे राबले. मालकाला कळू नये असे बोलायला त्यांच्याजवळ हीच भाषा होती. मग तीच मुद्रित करून जगभर खुली करायची, तर तिचा एक उपयोगच आपण काढून घेतो. ही पेचाची गोष्ट आहे आणि ती संमतीपत्रावर एक सही घेऊन सुटणार नाही.

म्हणून संमती दोनदा घेतली जाईल: मुद्रणाआधी तोंडी आणि ध्वनिमुद्रित स्वरूपात, आणि लिप्यंतरण झाल्यावर तो भाग त्या माणसाला पुन्हा ऐकवून. दुसऱ्या वेळी तो तीनपैकी एक पर्याय निवडेल: सर्वांसाठी खुले, नोंदणी केलेल्या अभ्यासकांसाठी, किंवा फक्त गावासाठी. चौथा पर्याय कायम राहील, पुसून टाका. अनुदान संपेपर्यंत केव्हाही कुणी तसे म्हटले, तर ती फाईल सर्व प्रतींतून जाईल. यामुळे 60 तासांचे 50 झाले तरी चालतील, ही शक्यता अनुदान देणाऱ्या न्यासाने आधीच मान्य करावी अशी विनंती आहे.

प्रती तीन. पहिली एलार या भाषा-संग्रहाकडे, जो आता बर्लिनच्या विज्ञान अकादमीत आहे. तिथे पाहण्या-ऐकण्याचे स्तर ठरवता येतात. दुसरी आमच्या महाविद्यालयात. तिसरी गावातल्या दोन हार्ड डिस्कवर, एक सोनबर्डीला आणि एक कुवरदेवला, शिवाय मागेल त्याच्या मोबाईलच्या कार्डात त्याच्या घरच्यांचे बोलणे. पूर्वी एका गावात कुणी बाहेरचे येऊन आजोबांचे गाणे मुद्रित करून गेले होते. आजोबा वारले, गाणे कुठे आहे ते घरच्यांना ठाऊक नाही. म्हणून गावाची प्रत दर तीन महिन्यांनी पोचेल. शेवटी एकदम नाही.

खर्च

तीन निहाल सहायकांना दरमहा ₹12,000 प्रमाणे 24 महिन्यांचे ₹8,64,000. दोघे लिप्यंतरणाला, तिसरा किंवा तिसरी मुद्रणाला आणि माहिती भरायला. भाषकांचे मानधन ₹2,00,000: दिवसाला ₹500 प्रमाणे 400 बैठका, कारण बसले की मजुरी बुडते. उपकरणे ₹2,36,000, प्रवास व निवास ₹2,80,000, शिबिरे आणि सचित्र शब्दपुस्तिकेची छपाई ₹1,20,000, साठवण आणि प्रती ₹60,000. मुख्य संशोधक महाविद्यालयात पगारी असल्याने त्यांचे मानधन मागितलेले नाही. प्रकल्प संपल्यावर उपकरणे सहायकांकडेच राहतील.

रक्कम चार हप्त्यांत मिळावी. पहिल्या हप्त्यात उपकरणे आणि सहा महिन्यांचे सहायक-मानधन एकत्र हवे, कारण मोहाचा पहिला हंगाम प्रकल्प सुरू झाल्यावर चारच महिन्यांनी येतो.