पीएच.डी. (अर्थशास्त्र) प्रवेशासाठी निवेदन

माझ्या एम.ए.च्या गुणपत्रिकेत गणिताचा एकच पेपर दिसेल, तोही मॅट्रिक्स आणि कलनापुरता. रिअल अ‍ॅनालिसिस आमच्या महाविद्यालयात शिकवलेच जात नव्हते. त्यामुळे पुढची तयारी स्वतः केली. तिचा पुरावा गुणपत्रिकेबाहेरच शोधावा लागेल.

नोकरी सांभाळत रुडिन यांच्या पुस्तकाची पहिली सात प्रकरणे उदाहरणांसह सोडवली, आणि सिद्धता गणिताच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडून तपासून घेतल्या. त्यांच्या लाल शेऱ्यांसह वही सोबत जोडली आहे. आयआयटी जॅमची गणिताची परीक्षाही उत्तीर्ण झालो. ती अभ्यासक्रमाला पर्याय नाही, पण मूल्यमापन त्रयस्थ आहे.

या अभ्यासाने वाचनाची पद्धत बदलली. उपयोगिता फलन संतत आणि अर्थसंकल्पीय संच कॉम्पॅक्ट असेल तर महत्तम बिंदू असतोच, हे पूर्वी गृहीत धरत होतो. आता एखादी किंमत शून्य केली की संच अमर्याद होतो आणि ती हमी जाते, हे दाखवू शकतो. नॅश समतोलाच्या सिद्धतेत ब्राउवर थेट का लागू होत नाही, काकुतानी का लागतो, याचेही उत्तर देता येते: सर्वोत्तम प्रतिसाद एकच असेल असे नाही.

संशोधन लासलगावच्या कांदा लिलावांवर करायचे आहे. तेच व्यापारी रोज समोरासमोर बोली लावतात, म्हणून एका लिलावाचे सुटे प्रतिमान मला अपुरे वाटते. पुनरावृत्त खेळ आणि संगनमत यांकडे वळावे लागेल. मेझर थिअरी अजून कच्ची आहे. पहिल्या सत्रात गणित विभागाचा तो पेपर घेण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.