वाटपाच्या दाव्यातील अभिलेखाचा सारांश : कार्यालयातील सहायक वकिलांसाठी कार्यपद्धती

यावल तालुक्यातील केळीच्या जमिनीच्या वाटपाच्या दाव्याचा 1,046 पानांचा अभिलेख आपल्याकडे आला असून, जळगाव जिल्हा न्यायालयातील अपिलासाठी त्याचा सारांश करावयाचा आहे. काम चौघांत विभागले जाणार असल्याने पद्धत एकच असावी.

प्रथम संपूर्ण अभिलेखावर अखंड पृष्ठांक घालावेत. त्यानंतर, वाचनापूर्वीच, दोन तक्ते करावेत. पहिल्यात प्रत्येक निशाणी, तिचे पान आणि ती शाबित करणारा साक्षीदार यांची नोंद असावी. दुसऱ्यात व्यक्ती व जमिनी यांची ओळख पक्की करावी. कारण प्रतिवादी क्रमांक 3 हाच पुढे साक्षीदार म्हणून येतो, जुन्या उताऱ्यावर तोच 'अ.पा.क. आई' अशा नोंदीखाली आहे, आणि एकत्रीकरणानंतर सर्व्हे क्रमांकाचा गट क्रमांक झाला आहे.

अभिलेखाचे शंभर-शंभर पानांचे समान तुकडे करू नयेत. वादपत्र व कैफियत एकत्र, दस्तऐवज स्वतंत्र आणि प्रत्येक साक्षीदाराची सरतपास व उलटतपास एकाच हाती राहील, असे भाग पाडावेत. एखादी साक्ष तोडावीच लागली, तर शेवटची पाच पाने दोन्ही भागांत ठेवावीत.

भागाच्या सारांशातील प्रत्येक विधानापुढे पान लिहावे. आपल्या भागाबाहेरील दस्तऐवजाचा उल्लेख आला की त्याचा अर्थ लावू नये. 'उघडा संदर्भ' म्हणून तो वेगळा नोंदवावा. उदाहरणार्थ, पान 612 वरील उलटतपासात निशाणी 47 वरील सही मान्य केली आहे. ती निशाणी, म्हणजे 1998 चे नोंदणी न झालेले वाटणीपत्र, पान 233 वर आहे आणि त्यावर आधारित फेरफार पान 251 वर. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 6 मध्ये 2005 साली झालेल्या दुरुस्तीनुसार 20 डिसेंबर 2004 पूर्वीची वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी लागते; सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात तोंडी वाटणीचा बचाव सार्वजनिक दस्तऐवजांच्या आधारे, तोही अपवादानेच, मान्य होऊ शकतो असे म्हटले. मुलीचा हिस्सा या तीन पानांच्या एकत्र वाचनावर ठरणार आहे, आणि ती तीन पाने दोन वेगळ्या सहायकांकडे जातील.

म्हणून भाग पानांच्या क्रमाने एकामागोमाग जोडू नयेत. न्यायालयाने काढलेल्या मुद्द्यांखाली ते विलीन करावेत आणि प्रत्येक उघडा संदर्भ तक्त्याशी ताडून, दोन्ही पाने लिहूनच बंद करावा. दोन साक्षींत विसंगती असेल तर ती मिटवू नये. दोन्ही विधाने शेजारी ठेवावीत, कारण युक्तिवादाला तीच उपयोगी पडते. मजकूर आटोपशीर करताना शब्द कापावेत, पृष्ठांक कापू नयेत.

अखेरीस निशाणींच्या तक्त्यावरून उलट तपासणी करावी. जी निशाणी विलीन सारांशात नसेल, तिच्यापुढे वगळण्याचे कारण व वगळणाऱ्याची आद्याक्षरे असावीत. बंद न झालेले संदर्भ स्वतंत्र पानावर पहिल्याच पृष्ठाला जोडून सादर करावेत.