माझा आवडता पक्षी : सुगरण

(निबंधलेखन. शब्दमर्यादा : ३०० शब्द)

मोर देखणा आणि पोपट बोलका, हे मलाही मान्य आहे. माझा आवडता पक्षी मात्र चिमणीएवढा आहे, आणि पावसाळा सोडला तर दिसतोही जवळजवळ चिमणीसारखाच. त्याचे नाव सुगरण. गंमत अशी, की नाव बाईचे असले तरी घरटे विणतो तो नर!

पावसाळा लागला की या नराचा माथा आणि छाती पिवळीधमक होते आणि त्याची लगबग सुरू होते. गवताचे पाते बुडाशी चोचीने चिरायचे, चिरलेले टोक पकडून झटक्यात उडायचे, की लांबलचक धागा सुटतो. असे धागे आणण्यासाठी तो शेकडो फेऱ्या मारतो. जागा निवडण्यातही तो हुशार. काटेरी बाभूळ, उंच ताडमाड किंवा पाण्यावर झुकलेली फांदी, म्हणजे साप सहजासहजी पोहोचत नाही.

घरटे अर्धे झाले, की ते उलट्या टांगलेल्या टोपलीसारखे दिसते. मग मादी पाहणीला येते. तिला पसंत पडले, तर नर अंडी ठेवायची खोली बंद करून खाली लांब नळीसारखी वाट विणतो. नापसंत झाले, तर बिचाऱ्याची मेहनत वाया! तो ते तसेच सोडून दुसरे विणायला घेतो. झाडावर अशी अर्धवट टोपली लोंबताना दिसली, की मला तोंडी परीक्षेत नापास झाल्यासारखे वाटते.

मागच्या वर्षी वादळात पडलेले एक घरटे मला मिळाले. हातात घेतले तर कापसासारखे हलके. आत मात्र मातीचे सुकलेले गोळे चिकटवलेले होते. या चिखलात तो दिव्यासाठी काजवे खोचतो, अशी जुनी समजूत आहे. मी काजवा शोधला, तो काही सापडला नाही. वाऱ्यात घरटे फार हेलकावू नये म्हणून हे वजन असावे, असे मला वाटते.

मग या पक्ष्याचे नाव चुकले म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. मादीने घर पसंत केले, की हे महाशय दुसऱ्या मादीसाठी नवे घर विणायला निघतात. अंडी उबवणे आणि पिल्लांना भरवणे बहुतेक तिच्या एकटीवरच पडते. तेव्हा नाव तिचे आणि कारागिरी त्याची, ही वाटणी मला मान्य आहे. ते पडलेले घरटे अजून माझ्या खिडकीत टांगलेले आहे. गाठ कशी मारली ते पाहावे म्हणून मी त्याचा एक धागा सोडवला होता. तो अजून तसाच लोंबतो आहे. दहा बोटे लावूनही मला तो पुन्हा विणता आलेला नाही.