वांग

सोमवारी दुकान बंद असतं म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले, डाव्या पापणीवर रांजणवाडी आली होती आणि डोळा असा ठणकत होता की रात्रभर झोप नाही. डॉक्टर म्हणाले गरम पाण्याचा शेक द्या, आठवडाभर काजळ, लायनर काही नको आणि आधीचं काजळ फेकून द्या. मी म्हटलं डोळ्याला नाही लावायचं तर मग फाउंडेशन आणि लिपस्टिक तरी कशाला, सगळंच बंद. मनात धाकधूक होती कारण रियाच्या वेळी सातव्या महिन्यात दोन्ही गालांवर वांग आलं ते पुढे उन्हाने वाढतच गेलं, आणि गेली चार वर्षं ते माझ्या नवऱ्याशिवाय आणि सासूबाईंशिवाय कोणी धड पाहिलेलं नाही.

मंगळवारी डोंबिवली स्टेशनला जाताना रिक्षावाला म्हणाला, मावशी पाय आत घ्या. मी ३४ वर्षांची आहे आणि रोज तोच मला मॅडम म्हणतो. ट्रेनमध्ये आमच्या ग्रुपमधली एकजण शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता थांबली आणि हळूच म्हणाली, काय गं घरी काही झालं का? नाही म्हटलं तरी तिने मला स्वतःची जागा दिली, दिव्यापासून थेट दादरपर्यंत ती उभी राहिली. मला इतकं भरून आलं पण मी आजारी नव्हते हो, माझा फक्त चेहरा तेवढा होता!

खरी गोष्ट दुकानात झाली. मी पैठणीच्या काउंटरला आहे, पुढच्या. आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणतं ताई जरा अंगावर टाकून दाखवा ना, मग पदर खांद्यावर घ्यायचा, आरशाकडे वळायचं, आणि बहुतेक वेळा तिथेच साडी विकली जाते. त्या दिवशी एकीनेही सांगितलं नाही. साड्या बघायच्या माझ्याकडून आणि अंगावर टाकायला शेजारच्या मुलीला बोलवायचं. ती बावीस वर्षांची पोर, तिलाच कसंतरी वाटत होतं, सारखी माझ्याकडे बघत होती. बुधवारी सकाळी मॅनेजर सर आले, आवाज अगदी प्रेमाचा, म्हणाले बरं वाटेपर्यंत मागे बसा, फॉल-पिकोच्या पिशव्या आणि घड्या बघा. मी म्हटलं सर फक्त डोळा आहे, बाकी मी ठीक आहे. ते म्हणाले हो हो, म्हणूनच.

नऊ वर्षं झाली मला तिथे, कुठली साडी हातमागाची आणि कुठली पॉवरलूमची हे मी पदराची उलटी बाजू बघून सांगते, ते सगळं एका डबीत होतं की काय असं वाटायला लागलं. मागच्या खोलीत घड्या घालताना मी रडले, हे खरं सांगते.

घरी वेगळंच. सासूबाई तीन दिवस न मागता आल्याचा चहा देत होत्या. ह्यांना शुक्रवारी रात्री कळलं, म्हणाले अरे तू काही लावत नाहीयेस का, छान दिसतेस, आणि परत मोबाईलमध्ये. राग आला आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

शनिवारी लग्नसराईची गर्दी, माणसं कमी पडली म्हणून मला पुढे बोलावलं. एक बाई आल्या, साधारण माझ्याच वयाच्या, सोबत लहान बहीण. त्या राणी कलर आणि मोरपिशीमध्ये अडकल्या होत्या, सारख्या साडी गालाशी धरायच्या आणि खाली ठेवायच्या. मग माझ्याकडे नीट बघितलं, आणि ओढणी जरा बाजूला करून म्हणाल्या, तुम्हाला पण आहे ना? बाळंतपणानंतर? मी मान हलवली. त्या म्हणाल्या मग तुम्हीच टाकून दाखवा, त्या गोऱ्या मुलीवर सगळंच चांगलं दिसतं, मला कळत नाही माझ्यावर काय दिसेल.

मी मोरपिशी खांद्यावर घेतली. मग राणी. आरशात आम्ही दोघी शेजारी शेजारी, दोघींच्या गालांवर तेच डाग. त्यांनी राणी घेतली, बहिणीसाठी पण एक घेतली आणि जाताना माझा हात दाबला, काही बोलल्या नाहीत.

पुढच्या मंगळवारी डोळा साफ बरा होता. नवीन काजळ आणलं होतं ते लावलं, कारण मला काजळ आवडतं, अकरावीपासून आवडतं. लिपस्टिक पण लावली. फाउंडेशनची बाटली हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि परत कप्प्यात ठेवली. सनस्क्रीन मात्र लावलं, ते वांगासाठी लागतंच.

दुकानात सर माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाले, चला, बरं वाटतंय वाटतं आता! मग नजर गालांवर गेली आणि थांबली.

मी म्हटलं, सर मी आजारी नव्हतेच, आणि आज मी मागे बसणार नाही.

ते काही बोलायच्या आत काउंटरवरून कोणीतरी हाक मारली, ताई ती वरची हिरवी काढा ना. मी स्टुलावर चढले.