सरोगसी विधेयकावरील प्रवर समितीचा अहवाल : सारांश टिपण

ऋतुजा, सरोगसीवरील तुमच्या बातमीसाठी २०२० च्या अहवालाचा गोषवारा देत आहे.

सरोगसी (विनियमन) विधेयक, २०१९ हे लोकसभेने ऑगस्ट २०१९ मध्ये संमत केले. मात्र राज्यसभेने ते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भूपेंद्र यादव यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीकडे सोपवले आणि समितीने ५ फेब्रुवारी २०२० रोजी अहवाल सादर केला.

समितीने सर्वांत मोठा बदल सुचवला तो दुसऱ्या दांपत्यासाठी मूल पोटात वाढवणारी स्त्री कोण असावी, याबाबत. मूळ विधेयकानुसार ती त्या दांपत्याची ‘जवळची नातेवाईक’ असणे बंधनकारक होते. या अटीमुळे अशी स्त्री मिळणेच दुरापास्त होईल आणि खऱ्या गरजूंची अडचण होईल, असे म्हणत समितीने ती अट काढून कोणत्याही ‘इच्छुक स्त्री’ला परवानगी द्यावी, अशी शिफारस केली. दुसरा बदल वंध्यत्वाच्या व्याख्येचा. पाच वर्षे प्रयत्न करूनही गर्भधारणा न होणे ही कसोटी समितीला अवाजवी वाटली. जन्मतः गर्भाशय नसलेल्या किंवा कर्करोगामुळे ते काढावे लागलेल्या स्त्रीला पाच वर्षे थांबायला लावण्यात काय हशील, हा त्यामागचा तर्क आहे. ३५ ते ४५ वयोगटातील भारतीय विधवा व घटस्फोटित स्त्रियांना तसेच भारतीय वंशाच्या जोडप्यांनाही सरोगसीतून मूल मिळवण्याची मुभा द्यावी, असे समितीने सुचवले. एकल पुरुष आणि सहजीवनातील जोडपी मात्र बाहेरच राहिली. मूल पोटात वाढवणाऱ्या स्त्रीच्या विम्याची मुदत १६ महिन्यांवरून ३६ महिने करण्याची शिफारस बातमीत एका वाक्यात येईल, पण ती वगळू नका.

आता जे बदलले नाही, त्याकडे वळू. माझ्या मते बातमीचा गाभा तिथे आहे. व्यावसायिक सरोगसीवरील बंदी समितीने कायम ठेवली. वैद्यकीय खर्च, विमा आणि ठरवून दिलेले अन्य खर्च यांपलीकडे त्या स्त्रीला मोबदला नाही. याउलट, २०१६ च्या विधेयकाची छाननी करणाऱ्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१७ मध्ये मोबदल्यासह सरोगसीची बाजू घेतली होती आणि नातेवाइकांवर विसंबणाऱ्या व्यवस्थेत घरच्या स्त्रीवर दबाव येण्याचा धोका दाखवला होता. प्रवर समितीने नात्याची अट काढून त्या आक्षेपाचा अर्धा भाग मान्य केला, पैशाचा अर्धा नाकारला. परक्या स्त्रीने नऊ महिन्यांचा भार विनामोबदला का उचलावा, हा प्रश्न त्यामुळे उलट अधिकच टोकदार होतो, आणि तो तज्ज्ञ डॉक्टर व वकील या दोघांनाही विचारा.

अहवालातील शिफारशी सभागृहाला बंधनकारक नसतात, म्हणून ‘समितीने नात्याची अट काढली’ असे न लिहिता ‘शिफारस केली’ असेच लिहावे. प्रजनन तंत्रज्ञानाविषयीचे स्वतंत्र विधेयक आधी घ्यावे, अशीही सूचना होती. पुढे दोन्ही विधेयके डिसेंबर २०२१ मध्ये संमत झाली आणि ‘इच्छुक स्त्री’, ३६ महिन्यांचा विमा व मोबदल्याची बंदी या तिन्ही बाबी कायद्यात आल्या.