भाडेवाढीबद्दल, नीट लिहून (आधीचा मेसेज रद्द)

सागरभाऊ, राम राम. परवा आमच्या पोराने तुम्हाला टाकलं ना की "पुढच्या महिन्यापासून भाडं 9,000", ते धरूच नका, त्याला कोणी सांगितलं देव जाणे. घराचा व्यवहार मी बघतो म्हणून मीच सविस्तर लिहितोय, आता हेच फायनल. वहिनींनाही वाचायला द्या.

भाडं आता 7,500 आहे, ते 1 ऑक्टोबर 2025 पासून 8,200 होईल. म्हणजे महिन्याला 700 रुपये जास्त. ऑगस्ट आणि सप्टेंबरचं भाडं जुनंच, 7,500, त्यात काही बदल नाही. ऑक्टोबरचं नवीन भाडं नेहमीसारखं 5 तारखेपर्यंत टाकलं तरी चालेल, आणि यंदा दसरा 2 तारखेला आहे तर सणाच्या गडबडीत दोन दिवस मागेपुढे झालं तरी मी फोन करणार नाही.

ऑक्टोबरच का, तर आपलं चालू 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट 30 सप्टेंबरला संपतंय. ते चालू असताना मधूनच भाडं वाढवणं मला पटत नाही.

आता कारण. तुम्ही डिसेंबर 2023 ला राहायला आलात तेव्हा ॲग्रीमेंटमध्ये लिहिलं होतं की दर वेळी रिन्यू करताना 5 टक्के वाढ. मागच्या वर्षी नोव्हेंबरला रिन्यू केलं तेव्हा मी ती घेतली नाही, तुमची लहानी तेव्हा नुकतीच झाली होती, खर्च दिसत होता. तेव्हाची आणि आताची अशी दोन्ही धरली असती तर 7,500 चे 7,875 आणि मग 8,269 होतात, मी 8,200 वर थांबलोय, आणि मागच्या वर्षाचे वाढीचे राहिलेले पैसे मागत नाहीये, ते सोडले म्हणजे सोडले.

दुसरं म्हणजे या वर्षी घरावर खर्च झाला, तो तुमच्या डोळ्यादेखत झाला. उन्हाळ्यात बोअरची मोटर जळाली, नवीन टाकली 13,500 ची, कारण नळाला रोज पाणी येत नाही आणि मोटरशिवाय वरची टाकी भरणार कशी. मग पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि वरून पांढरा कोट, 36,000. आपल्या जळगावात मे महिन्यात पारा 44-45 ला जातो आणि तुमची खोली थेट गच्चीखाली, मागच्या उन्हाळ्यात तुम्हीच म्हणाला होतात की रात्री बाराला पण भिंत तव्यासारखी असते. तो कोट पुढच्या उन्हाळ्यात कामाला येईल, यंदाच्या पावसात गळती तर थांबलीच. हा सगळा खर्च तुमच्याकडून काढायचा असा हिशोब नाही, 700 प्रमाणे 11 महिन्यांचे 7,700 होतात, बाकी घर माझं आहे, ते मी बघेन. बिलं माझ्याकडे आहेत, खाली आलात की दाखवतो.

डिपॉझिट 20,000 आहे तेवढंच राहील, वाढवून मागणार नाही. लाईट बिल तुमच्या मीटरप्रमाणे तुम्ही भरता तसंच. घरपट्टी आणि पाणीपट्टी माझ्याकडे. मोटरचं लाईट बिलही माझ्याच मीटरवर आहे, त्याचे पैसे वेगळे कधी घेतले नाहीत, आताही घेणार नाही.

नवीन ॲग्रीमेंट 1 ऑक्टोबर 2025 ते 31 ऑगस्ट 2026. आपल्याकडे महाराष्ट्रात 11 महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं, नुसत्या स्टॅम्प पेपरवर सह्या करून भागत नाही. नोंदणी फी 1,000 आणि वर स्टॅम्प ड्यूटी, यावेळी दोन्ही मी भरतो. ऑनलाईन होतं, फक्त आधार आणि अंगठा लागेल, तेव्हा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एखादा रविवार काढून ठेवा, ऑपरेटरला घरीच बोलावतो.

आता तुमची बाजू. 8,200 जड जात असतील तर मनात ठेवून गप्प बसू नका, सरळ सांगा, बसून बोलू. तुमची ड्यूटी एमआयडीसीत शिफ्टची, म्हणून घाई करत नाही, 31 ऑगस्टपर्यंत हो-नाही कळवा. आणि खोली सोडायचीच ठरली तरी तेही तेव्हाच सांगा म्हणजे मला दुसरं बघता येईल, डिपॉझिट चावी दिली त्याच दिवशी परत, फक्त लाईट बिल बाकी असेल तेवढं वजा. पण खरं सांगू, तुम्ही जावं असं आम्हा दोघांना अजिबात वाटत नाही. वेळेवर भाडं, गच्चीवर पाणी वाया जात नाही, आणि आम्ही गावी शेतात गेलो की घराकडे लक्ष असतं, असा भाडेकरू 700 साठी घालवायचा नाहीये.

बाथरूमच्या नळाचं तुम्ही म्हणाला होतात, प्लंबर शनिवारी सकाळी दहाला येतोय. वहिनी घरी असतील ना तेव्हा?

काका (खालचे)
10 ऑगस्ट 2025